मर्ज-तुलना (सॉर्ट केलेल्या मोठ्या फायलींची)

दोन मोठ्या एक्सपोर्ट फायली एकाच क्रमाने लावून, दोन्ही एकाच वेळी वरून खाली वाचत, त्यांतला फरक काढण्याची रीत. मेमरीत कोणत्याही क्षणी जुन्या फायलीची एक आणि नव्या फायलीची एक, अशा दोनच ओळी असतात. त्यामुळे फायली १२–१२ जीबीच्या असल्या आणि मशीनमध्ये ४ जीबी रॅम असली तरी काम अडत नाही. `diff` इथे चालत नाही, कारण तो फायली मेमरीत घेतो. `comm` चालतो, पण तो अख्खी ओळ पाहतो. जमिनीच्या नोंदींत क्षेत्र बदललेला खातेदार त्याला एक गेलेली आणि एक नवी ओळ वाटतो.

नियम तीनच आहेत. जुन्या ओळीची की, म्हणजे नोंद ओळखणारे रकाने, लहान असेल तर ती नोंद नव्या फायलीत नाही, म्हणजे ‘गेली’. जुनी फाइल एक ओळ पुढे न्यायची. नवी की लहान असेल तर नोंद ‘आली’. नवी फाइल पुढे न्यायची. की सारख्या असतील तर बाकीचे रकाने ताडून दोन्ही पुढे न्यायच्या. एक फाइल आधी संपली तर दुसरीच्या उरलेल्या ओळी शेवटपर्यंत वाचाव्याच लागतात.

नियम इतके साधे असल्याने चूक सहसा प्रोग्रॅममध्ये नसते, क्रमात असते. समजा, लातूर जिल्ह्यातील एका गावाच्या जमिनीच्या नोंदी आहेत. रकाने गावाचा कोड, गट नंबर, खाते क्रमांक आणि हेक्टरमधले क्षेत्र असे. पहिले तीन मिळून की. दोन एक्सपोर्टांच्या मधल्या काळात गट १२१ ची वाटणी होऊन दोन पोटहिस्से पडले. दोन्ही फायली अख्ख्या ओळीवर सॉर्ट केल्या तर अशा दिसतात:

```
जुनी                  नवी
501|12/1|77|0.80      501|12/1|77|0.80
501|121|40|1.20       501|121/1|40|0.60
501|12|63|2.05        501|121/2|91|0.60
                      501|12|63|2.05
```

गट १२ सगळ्यात खाली गेला, कारण बाइटच्या क्रमात `/` अंकांच्या आधी येतो आणि `|` अंकांच्या नंतर. प्रोग्रॅम मात्र रकाने वेगळे काढून ताडतो, आणि त्याच्या लेखी `12` हा `12/1` आणि `121` या दोघांच्याही आधीचा. `12/1` जुळतो. मग `121` लहान म्हणून ‘गेला’, जे बरोबरच आहे. पुढे जुन्या फायलीत `12` येतो, समोर `121/1` उभा. `12` लहान, म्हणून तोही ‘गेला’. जुनी फाइल संपली, आणि नवीतले `121/1`, `121/2`, `12` हे तिन्ही ‘आले’. गट १२ ला कोणी हातही लावला नव्हता, तरी तो दोन्ही याद्यांत आला.

एकाच फायलीची तिच्याशीच तुलना करून पाहिली तर हा दोष दिसत नाही. पहिला खरा फरक येईपर्यंत सगळे जुळत राहते. ओळखण्याची खूण म्हणजे एकच की ‘गेली’ आणि ‘आली’ या दोन्ही यादीत असणे. क्रम बरोबर असेल आणि की दुबार नसेल तर असे होऊच शकत नाही.

म्हणून सॉर्ट रकान्यांवरच करायचा, दोन्ही फायलींना हीच आज्ञा:

```
LC_ALL=C sort -S 2G -T /data/tmp -t'|' \
  -k1,1 -k2,2 -k3,3 juni.txt -o juni.s
LC_ALL=C sort -c -u -t'|' -k1,1 -k2,2 -k3,3 juni.s
```

`-k1,1` मधला स्वल्पविरामानंतरचा १ गाळला तर की ओळीच्या शेवटापर्यंत लांबते आणि वरचाच घोळ परत येतो. `LC_ALL=C` मुळे क्रम निव्वळ बाइटवर लागतो. तो नसेल तर मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे विरामचिन्हांचा क्रम बदलू शकतो. डेटाबेसच्या `ORDER BY` वर विसंबणेही याच कारणाने धोक्याचे. एक्सपोर्ट ‘सॉर्ट केलेला’ आला तरी पुन्हा लावून घेतलेला बरा. `-T` च्या जागी फायलीइतकी तरी मोकळी डिस्क हवी, कारण सॉर्ट तुकडे तिथे लिहून मग जोडतो. दुसरी आज्ञा क्रम तपासते आणि `-u` मुळे दुबार कीवरही थांबते. एका गटात अनेक खातेदार असतात, त्यामुळे खाते क्रमांक कीमध्ये घ्यायचा विसरला तर ती चूक इथेच पकडली जाते.

प्रोग्रॅमनेही आधीची की लक्षात ठेवावी आणि नवी तिच्यापेक्षा लहान निघाली तर तिथेच थांबावे. खर्च एका तुलनेचा.

क्रम ठीक असूनही निकाल विचित्र आला तर त्याचा आकार पाहावा. एका फायलीत `१२` आणि दुसरीत `12` असे अंक असतील तर जवळजवळ सगळेच गेले आणि सगळेच आले असे दिसते. नाव कीमध्ये असेल तर ‘ऱ’ घात करतो: तो एका संकेतानेही लिहिता येतो आणि र व नुक्ता अशा दोन संकेतांनीही, डोळ्यांना सारखा, बाइटला वेगळा. सॉर्टच्या आधी दोन्ही फायली एकाच युनिकोड रूपात आणाव्यात, नंतर आणल्या तर क्रम पुन्हा मोडतो. आणि सॉर्ट करूनच मिळालेला नवा एक्सपोर्ट डाउनलोड होताना अर्ध्यावर तुटला असेल, तर ‘गेलेल्या’ नोंदींचा ढीग एका ठरावीक गावाच्या कोडपासून सुरू होऊन थेट शेवटपर्यंत जातो.