पडजीभ सुजली तर काय करावं? आमच्या औषधांच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सकाळी दुकान उघडायच्या वेळेला कुणीतरी येतं, तोंडाचा आ करतं आणि म्हणतं, "बघा हो, घशात काहीतरी लोंबतंय. गिळताना जिभेला लागतंय, सारखं ओकारी आल्यासारखं होतंय. सर्दीची एखादी गोळी द्या." लोंबणारी गोष्ट म्हणजे पडजीभ. ती प्रत्येकाला असते. टाळूच्या मागच्या कडेला मधोमध लटकणारा मऊ मांसाचा तो छोटा लोलक. एरवी तिची आठवणही येत नाही. सुजली की मात्र ती द्राक्षाच्या मण्यासारखी फुगते, जिभेच्या मागच्या भागावर टेकते आणि घशात घास अडकल्याची जाणीव सतत देत राहते.

बहुतेक वेळा ही सूज एक-दोन दिवसांत आपोआप उतरते. पण कधीकधी पडजिभेबरोबर घशाचा आतला भागही सुजत असतो, आणि श्वासाची वाट तिथूनच जाते. म्हणून घाईचं काय ते आधी सांगतो.

ताबडतोब दवाखान्यात कधी जायचं

श्वास घेताना शीळ किंवा घरघर ऐकू येत असेल, स्वतःची लाळही गिळता येत नसेल आणि ती तोंडातून गळत असेल, किंवा तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज जाडसर झाला असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर सोबतीला माणूस घेऊन ज्या रुग्णालयात चोवीस तास तातडीचे उपचार मिळतात तिथे जा. स्वतः गाडी चालवू नका. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, चक्कर येत असेल, तरीही हेच करायचं. रुग्णाला बसवून ठेवा, आडवं झोपवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका.

पडजीभ किती लांब दिसते यावर घाई ठरत नाही. लांब लोंबणारी पडजीभ घेऊन निवांत गप्पा मारणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, आणि पडजीभ थोडीशीच सुजलेली असताना धाप लागलेलीही. श्वास, लाळ आणि आवाज या तिन्हींकडे लक्ष ठेवा.

लहान मुलांसाठी एक वेगळी सूचना. मुलाला जोराचा ताप आहे, ते पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय आणि गिळायला नको म्हणतंय, असं असेल तर चमच्याने जीभ दाबून घसा बघायला जाऊ नका. श्वासनलिकेच्या तोंडावरचा पडदा सुजलेला असला, तर त्या धक्क्याने श्वास पूर्ण अडू शकतो. मूल रडणार नाही असं मांडीवर बसवून थेट रुग्णालयात न्या. या आजाराला बऱ्याचदा कारण ठरणाऱ्या जंतूवरची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देतात त्या पेंटाव्हॅलंट इंजेक्शनात असते. लसीचं कार्ड एकदा काढून तपासा.

रोजच्या रोज दिसणारी कारणं

सगळ्यात जास्त दिसतं ते घोरण्यामुळे. नाक चोंदलेलं, तोंड उघडं, रात्रभर वारा पडजिभेवरून जातोय आणि ती थरथरतेय. त्यात आदल्या रात्री दारू झालेली असली की अंगातलं पाणी कमी होतं, घशाचे स्नायू ढिले पडतात आणि घोरणं वाढतं. अशा माणसाची पडजीभ उठल्या उठल्या फुगलेली दिसते आणि दिवसभर पाणी पिऊन संध्याकाळपर्यंत बरीच उतरते. खूप उलट्या झाल्या, रात्री आंबट पाणी घशाशी आलं, किंवा उकळता चहा घाईने घोटला तरी ती सुजते. भूल देताना घशात नळी घातली असेल तर शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पडजीभ दुखू आणि सुजू शकते. असं झालं तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून सांगा.

दुसरं कारण घशाचा संसर्ग. यात पडजीभ लालभडक होते, घसा दुखतो, ताप येतो, टॉन्सिलही सुजलेले असतात. बहुतेक वेळा हा विषाणूंचा संसर्ग असतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. काही वेळा जिवाणूंचाही असतो, पण तो डॉक्टरांनी तपासून ठरवायचा. म्हणून "मागच्या वेळी दिलं होतं तेच अँटिबायोटिक द्या" असं म्हटलंत तर आम्ही चिठ्ठीशिवाय देणार नाही. पडजीभ एका बाजूला ढकलल्यासारखी दिसत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल आणि एकाच बाजूला ठणका लागत असेल, तर टॉन्सिलच्या मागे पू झालेला असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

ॲलर्जीची सूज वेगळी दिसते. पडजीभ फारशी लाल नसते, पाणी भरल्यासारखी फिकट आणि चकचकीत दिसते. ती मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत येते. कोळंबी, शेंगदाणे, दुखण्याची एखादी गोळी किंवा नवीन अँटिबायोटिक घेतल्यानंतर असं झालं तर श्वासावर नजर ठेवत लगेच दवाखान्याकडे निघा.

रक्तदाबाची गोळी आणि पडजीभ

या पत्रकाचं खरं कारण हे आहे. रक्तदाबावर आणि हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा एक गट आहे. त्यातल्या औषधांची नावं 'प्रिल' ने संपतात: रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. चांगली औषधं आहेत आणि हजारो लोकांचं हृदय व मूत्रपिंड सांभाळतात. पण ती घेणाऱ्या दर हजारातल्या साधारण एक ते सात जणांना कधीतरी ओठ, जीभ, चेहरा किंवा घशाला सूज येते. कधी ती फक्त पडजिभेला येते.

फसवणारी गोष्ट ही की ही सूज गोळी सुरू केल्याच्या पहिल्या आठवड्यातच येईल असं नाही. काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही येते. "ही गोळी तर दोन वर्षं घेतोय, तिचं काय असणार?" असं माणसाला वाटतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. अठ्ठावन्न वर्षांचे एक काका सकाळी साडेसातला शटर अर्धं वर असतानाच आले. "रात्री घोरलो असेन, पडजीभ लोंबतेय, सेट्रिझिन द्या." आवाज नेहमीचा नव्हता, जाडसर येत होता. मी विचारलं, "काका, खाज आहे? अंगावर काही उठलंय?" काहीच नव्हतं. ताप नाही, घसा दुखत नाही. मोबाईलच्या उजेडात तोंडात पाहिलं तर पडजीभ पाण्याने भरल्यासारखी, जिभेवर टेकलेली. आमच्या वहीत त्यांचं रामिप्रिल ५ मिलिग्रॅम दोन वर्षांपासून नोंदलेलं. मग विचारलं, "याआधी कधी ओठ सुजला होता का?" ते म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी सुजला होता. डास चावला असेल. दुसऱ्या दुकानातून गोळी घेतली, एका दिवसात उतरला."

तो डास नव्हता. ती पहिली सूचना होती.

मी सेट्रिझिन दिली नाही. त्यांच्या मुलाला फोन करून बोलावलं, चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि सकाळची गोळी किती वाजता घेतली ते लिहून दिलं आणि दोघांना रुग्णालयात पाठवलं. तिथे त्यांना एक दिवस देखरेखीखाली ठेवलं, श्वासाची वाट मोकळी आहे ना हे पुन्हा पुन्हा पाहिलं, रामिप्रिल बंद केलं आणि रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सूज उतरली.

सेट्रिझिन का दिली नाही, हे समजून घ्या. ॲलर्जीच्या सुजेत शरीरात हिस्टामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि सेट्रिझिन त्याला अडवते. 'प्रिल' गोळ्यांच्या सुजेचं मूळ वेगळं आहे. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं एक द्रव्य तयार होत असतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं आणि त्यांतून पाणी बाहेर झिरपू देतं. एरवी एक एन्झाइम त्याची विल्हेवाट लावतं, पण ही गोळी नेमकं तेच एन्झाइम अडवते. रक्तदाब उतरतो, पण काही जणांत ब्रॅडिकायनिन साठतं आणि ओठ, जीभ, पडजीभ अशा मऊ जागी पाणी भरतं. इथे हिस्टामिनचा संबंधच नाही. म्हणून खाज नसते, गांधी नसतात आणि ॲलर्जीच्या गोळीने फरक पडत नाही. माणूस मात्र "गोळी घेतलीय, उतरेल" म्हणून घरी बसतो, आणि तो वेळ महागात पडू शकतो. या गोळ्यांमुळे काहींना येणारा कोरडा खोकलाही बऱ्याच अंशी याच साठण्यामुळे येतो.

मधुमेहासाठी विल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं, कारण दोन्ही औषधं सोबत चालू असली तर अशी सूज येण्याची शक्यता वाढते. जोडगोळ्यांमध्ये घटक लपतात. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं, त्याखालच्या बारीक अक्षरांत 'प्रिल' शोधा. दिसत नसेल तर पट्टी दुकानात आणा, आम्ही वाचून सांगू. टेल्मिसार्टनसारख्या 'सार्टन' गटाच्या गोळ्यांनी असं फार क्वचित होतं, पण म्हणून आपल्या मनाने गोळी बदलू नका. सूज आलेली नसेल तर घाबरून रक्तदाबाची गोळी बंदही करू नका.

एकदा अशी सूज आली की त्या गटातली कोणतीही गोळी पुन्हा घ्यायची नाही. गोळी थांबवल्यावरही काही आठवडे सूज परत येऊ शकते, तेव्हा घरच्यांना हे सांगून ठेवा.

घरी काय करता येईल

श्वास, लाळ आणि आवाज ठीक असतील आणि कारण घोरणं, कोरडेपणा किंवा साधा घसा असेल, तर दिवसभर गार पाणी घोट घोट प्या. मोठ्या माणसाने बर्फाचा खडा चोखला तरी चालतो, लहान मुलांना देऊ नका. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या. रात्री उशी थोडी उंच घेऊन कुशीवर झोपा. विडी, सिगारेट, तंबाखू आणि दारू तेवढे दिवस तरी नको. दोन दिवसांत उतार नसेल किंवा असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रोज मोठ्याने घोरणाऱ्यांनी तर दाखवावंच.

एक कळकळीची विनंती. अंगठ्याला हळद-मीठ लावून पडजीभ दाबून उचलायची, किंवा डोक्यावरचे केस ओढायचे, हे प्रकार अजून काही घरांत होतात. बाळ दूध पीत नाही म्हणून आजी प्रेमानेच करते. पण सुजलेल्या पडजिभेला नख लागलं की रक्त येतं, सूज वाढते, जंतू आत जातात आणि बाळ गुदमरू शकतं. केस ओढल्याने पडजीभ वर जात नाही. बाळ दूध पीत नसेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आमच्याकडे येताना रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, मधुमेहाच्या आणि आयुर्वेदिक औषधांसकट, सोबत आणा. 'प्रिल' गोळीने कधीही ओठ, जीभ किंवा घसा सुजला असेल तर तेवढं सांगा. आम्ही तुमच्या नावापुढे लाल शाईने नोंद करतो आणि तसंच एक कार्ड पाकिटात ठेवायला देतो, म्हणजे दुसऱ्या गावी दवाखान्यात जावं लागलं तरी ते डॉक्टरांना दाखवता येईल.