जावळानंतरचे केस : एका समजुतीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत जावळ बऱ्याचदा उन्हाळ्यात निघतं. शेतीची कामं उरकलेली असतात आणि मामाला यायला सवड असते. बाळ मामाच्या मांडीवर, समोर म्हाली आणि त्याची धोकटी. केस निघाले की कुणीतरी म्हणतंच, ‘आता पाहा, कसे दाट येतात ते!’

हा संस्कार फार जुना. मनुस्मृती तो पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करायला सांगते. आश्वलायन गृह्यसूत्रात गार आणि ऊन पाणी एकत्र करून, त्यात लोणी किंवा दही घेऊन डोकं तीनदा भिजवायचा विधी आहे. मला यातली ही ओलावण्याची पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण मऊ झालेल्या केसावर वस्तरा ओढत नाही. आज घाईत नेमकी तीच गाळली जाते. पूर्वी गावभर एकच वस्तरा फिरायचा. आता पातं बदलता येतं, तेव्हा नवं पातं आपल्यासमोर लावून घ्यावं.

दाट केसांची समजूत मात्र खरी नाही. केसाचं मूळ कातडीखाली असतं, वस्तरा तिथवर पोचत नाही. १९२८ साली अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीच्या केसांवर हे तपासलं, तेव्हा वाढीत किंवा जाडीत फरक आढळला नाही. मग केस दाट का दिसतात? कापलेलं टोक बोथट असल्यानं खुंट हाताला राठ लागतो. शिवाय त्याच वयात बाळाचे मऊ केस जाऊन जाडसर केस येत असतात. श्रेय जावळाला मिळतं.

समजा, वर्षाच्या बाळाचं जावळ वैशाखात निघालं. त्या दिवशी कोमट पाण्यानं डोकं धुऊन मऊ कापडानं टिपायचं. कुठे कापलं असेल तर तिथे कुंकू, हळद काही लावायचं नाही. तेल दुसऱ्या दिवशी, खोबऱ्याचं, बोटभर. टाळू भरली नसेल तर दाबून चोळायचं नाही. या डोक्याला ऊन नवं असतं, म्हणून दुपारी बाहेर नेऊ नये आणि एरवी सुती टोपडं घालावं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पहिले दोन महिने भोवऱ्यापाशी ते वेगळ्या दिशेनं उभे राहतात आणि डोकं विरळ-दाट दिसतं. त्यासाठी पुन्हा गोटा करण्यात अर्थ नाही. बोटभर वाढ झाली की कात्रीनं टोकं सारखी केली तरी पुरतं.

खरी शंका घ्यायची ती गोल चट्ट्याची. त्यावर कोंड्यासारखे पापुद्रे, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके आणि खाज असेल तर तो बहुधा नायटा. डोक्यावरच्या नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवडे पोटातून औषध द्यावं लागतं. चट्टा गुळगुळीत आणि पापुद्र्याविना असेल तर ती चाई असू शकते; तिचा उपचार वेगळा. दोन्हीत तेल वाढवून उपयोग होत नाही.