कायदेशीर मर्यादेखालील मद्यपान आणि वाहनचालन

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार, श्वासचाचणीत चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा कुठून सुरू होते, एवढेच हा आकडा सांगतो. मेंदूवरचा परिणाम त्याच्या बराच आधी सुरू होतो, म्हणूनच स्वीडनने १९९० साली आपली मर्यादा ५० वरून २० मिलिग्रॅमवर आणली.

सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने व्हिस्कीचा साठ मिलिलिटरचा एक पेग घेतला, तर सुमारे २० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. शरीर तो १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने कमी करते. त्यामुळे जेवण उरकून तासाभराने निघताना रक्तातले प्रमाण अंदाजे २८ च्या आसपास असते. मशीनमध्ये फुंकले तरी तो सुटेल. माणसामाणसांत यात बराच फरक पडतो. स्त्रियांमध्ये आणि कमी वजनाच्या व्यक्तींमध्ये तेवढ्याच दारूने प्रमाण जास्त चढते.

असा माणूस चाचपडत नाही, बोलताना अडखळत नाही. त्याची साधी प्रतिक्रियाही बहुधा ठीक असते: दिवा लागला की बटण दाबायचे, एवढ्या कामात इतक्या कमी मद्यार्काने फारसा फरक दिसत नाही. ‘मी अगदी नीट आहे’ असे त्याला वाटते ते यामुळेच, आणि तो खोटे बोलत नसतो. पण गाडी चालवणे हे एका दिव्याचे काम नव्हे. समोरून येणाऱ्याचा झोत, रस्त्याची कड, आरसा, शेजारच्याशी गप्पा, या सगळ्यांत लक्ष वाटून ठेवायचे आणि अचानक काही दिसले की ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग वळवायचे की दोन्ही, हे ठरवायचे. लक्ष विभागण्याची ही क्षमताच सर्वांत आधी मंदावते.

सांगली जिल्ह्यात गळीत हंगामात रात्री पेठनाका–आष्टा–सांगली रस्त्याने जाणाऱ्यांना एक प्रसंग परिचित आहे. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललेला असतो आणि मागचा रिफ्लेक्टर धुळीने किंवा लोंबणाऱ्या उसाने झाकलेला असतो. समजा, मागून ताशी ८० ने येणाऱ्या मोटारीच्या चालकाला ट्रॉली ५० मीटरवर दिसली. दोघांच्या वेगातला फरक ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. सावध चालकाला दिसण्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद लागतो, तेवढ्यात अंतर २५ मीटरने घटते. कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक दाबून ट्रॅक्टरच्या वेगावर येईपर्यंत आणखी २३ मीटर जातात. दोन मीटर शिल्लक राहतात. धडक टळते.

आता निर्णयाला तीन दशांश सेकंद उशीर झाला असे धरू. एवढ्यात पाच मीटर जातात आणि मोटार ट्रॉलीवर ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या फरकाने आदळते.

पण माझ्या मते या गणितातला मोठा धोका उशिराचा नाही, अंदाजाचा आहे. थोड्या दारूने माणूस जरा मोकळा होतो, रस्ता रिकामा वाटतो आणि काटा नकळत ८० वरून ९० वर जातो. तोच ट्रॅक्टर, तेच ५० मीटर, आणि प्रतिक्रिया अगदी सावध माणसाची, दीड सेकंदाची धरली तरी धडक ताशी ४१ किलोमीटरच्या फरकाने होते. वेगही वाढला आणि तीन दशांश सेकंदाचा उशीरही झाला, तर हा फरक ५० वर जातो. ट्रॉलीची मागची फळी आणि बाहेर आलेला ऊस मोटारीच्या काचेच्या उंचीवर येतो. बॉनेट खाली घुसले की धक्का थेट काचेवर बसतो, म्हणून हा आकडा भिंतीवरच्या धडकेपेक्षाही वाईट समजावा.

वेग बेताचा आहे का, ओव्हरटेक जमेल का, आपण गाडी चालवण्याजोगे आहोत का, हे तिन्ही प्रश्न त्याच मेंदूला विचारले जातात ज्यावर दारू काम करत असते. त्यामुळे चूक झाली तरी ती चालकाला चूक वाटत नाही, ओव्हरटेक ‘आरामात’ झाला असेच आठवते. शेजारी न प्यालेला माणूस बसला असेल, तर वारंवार उशिरा दाबलेला ब्रेक आणि पट्ट्याकडे सरकणारी गाडी त्याच्या आधी लक्षात येते.

ढाब्याच्या दारात घेतलेली श्वासचाचणीही पुरती खात्री देत नाही. शेवटचा घोट नुकताच घेतला असेल, तर मद्यार्क पोटातून रक्तात जायचा बाकी असतो. निघताना २० दाखवणारे यंत्र आष्ट्याजवळ ३० च्या पुढचा आकडा दाखवू शकते. शेवटच्या घोटानंतर लगेच फुंकल्यास तोंडातल्या दारूमुळे आकडा उलट फुगूनही येतो, म्हणून थोडे थांबून चाचणी घेतात. कडक चहा, लिंबूपाणी किंवा तोंडावर मारलेले गार पाणी झोप उडवते, पण मद्यार्क कमी होण्याचा वेग वाढवत नाही. वरच्या उदाहरणातले २८ मिलिग्रॅम जाऊन रक्त पूर्ण निवळायला आणखी सुमारे दोन तास लागतात.