महागलेली तूर आणि न बदलणारी टोपली

तूर डाळ महागली की नागपूरच्या घरात वरण पातळ होतं आणि ताटात बेसन, पाटोडी, गोळाभात जास्त वेळा दिसू लागतो. हे तिन्ही पदार्थ हरभऱ्याच्या डाळीवर चालतात. घरातलं माणूस हे कुठल्याही सूत्राशिवाय करतं. महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाला मात्र हे कळत नाही. त्याच्या हिशेबात ते घर जुनीच तूर, जुन्याच प्रमाणात, नव्या भावाने विकत घेत राहतं. या आंधळेपणातून आकडा किती फुगतो, ते मोजता येतं. त्यासाठी आधी टोपली कशी भरतात ते पाहू.

टोपली म्हणजे वस्तूंची यादी, आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचा भार. भार म्हणजे घरखर्चाच्या शंभर रुपयांतले किती रुपये त्या वस्तूवर जातात तो आकडा. तो कोणी टेबलाशी बसून ठरवत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे लोक निवडलेल्या घरांत जाऊन काय खाल्लं, किती घेतलं, किती पैसे दिले हे विचारतात. २०१२ हे आधारवर्ष, म्हणजे त्या वर्षीची पातळी १०० धरून चालणाऱ्या मालिकेचे भार २०११-१२ च्या अशाच पाहणीतून आले. त्यात ग्रामीण-शहरी एकत्र धरून खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ होता, डाळींचा अवघा २.३८. ज्या वस्तूंवर अगदी किरकोळ खर्च होतो त्यांचे भाव गोळा करत नाहीत. त्यांचा भार त्यांच्यासारख्याच दुसऱ्या वस्तूंच्या पदरात टाकतात.

भार ठरले की पुढची कित्येक वर्षं फक्त भाव बदलतात. भाव टिपणारा ठरलेल्या बाजारातल्या ठरलेल्या दुकानात जातो आणि ठरलेल्याच प्रतीच्या मालाचा भाव लिहितो. या मालिकेसाठी देशातल्या ३१० शहरांतले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं निवडली होती. प्रत बदलून चालत नाही. मागच्या महिन्यात पॉलिश केलेल्या सुट्या डाळीचा भाव घेतला असेल, तर या महिन्यात पाकीटबंद डाळीचा घेता येत नाही, नाहीतर प्रतीतला फरक महागाई म्हणून मोजला जातो. सगळे भाव हातात आले की प्रश्न एकच उरतो: जुन्या वर्षी घेतलेली तीच टोपली आज घ्यायची तर किती पैसे लागतील? हा प्रश्न जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतिएन लास्पेयर्स यांच्या नावाने ओळखला जातो. १८७१ मध्ये त्यांनी मांडलेलं सूत्र आजही जगभरच्या निर्देशांकांच्या मुळाशी आहे.

आता एक घर घेऊ. आकडे समजण्यापुरते, सोपे धरले आहेत. सुरुवातीला तूर डाळ १०० रुपये किलो आणि हरभरा डाळ ८० रुपये किलो होती. घरात महिन्याला ४ किलो तूर आणि अडीच किलो हरभरा डाळ लागायची. खर्च ४०० अधिक २००, म्हणजे ६०० रुपये. मग तूर १६० झाली आणि हरभरा ८८. जुनी टोपली आता ६४० अधिक २२०, म्हणजे ८६० रुपयांना पडते. ८६० भागिले ६०० करून १०० ने गुणलं की निर्देशांक १४३.३ येतो. म्हणजे डाळी ४३ टक्क्यांनी महागल्या.

पण घराने भाव बघून खरेदी फिरवली. आता ते अडीच किलो तूर आणि ४ किलो हरभरा डाळ घेतं. एकूण वजन तेच, साडेसहा किलो. खर्च ४०० अधिक ३५२, म्हणजे ७५२ रुपये. घाईने कोणी म्हणेल, ६०० चे ७५२ झाले, म्हणजे खरी महागाई २५ टक्केच. इथे चूक होते. त्या घराने काहीतरी गमावलं आहे. त्यांना तुरीचं वरणच हवं होतं, बेसन ही तडजोड होती. तडजोडीतली नाराजी खर्चाच्या आकड्यात दिसत नाही, त्यामुळे दोन वेगळ्या टोपल्यांच्या खर्चाची तुलना करून महागाई निघत नाही.

योग्य तुलना अशी: नवी टोपली जुन्या भावाने किती पडली असती? अडीच किलो तूर २५० रुपये आणि ४ किलो हरभरा ३२० रुपये, म्हणजे ५७०. आज तिला ७५२ लागतात. ७५२ भागिले ५७०, गुणिले १००, म्हणजे १३१.९. हे जर्मन अर्थशास्त्रज्ञ पाशे यांचं सूत्र, लास्पेयर्सनंतर तीन वर्षांनी आलेलं. पहिला आकडा घराच्या हुशारीकडे दुर्लक्ष करतो म्हणून जास्त येतो. दुसरा घराची तडजोड जणू पहिल्यापासूनच त्याची आवड होती असं धरतो म्हणून कमी येतो. राहणीमानाचा खरा खर्च सर्वसाधारणपणे या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं तर १३७.५ मिळतो. यालाच फिशर निर्देशांक म्हणतात. म्हणजे टोपली गोठवल्यामुळे आपण डाळींची महागाई जवळपास सहा अंकांनी जास्त सांगितली. अर्थशास्त्रात याला ‘सबस्टिट्यूशन बायस’ म्हणतात. आपण बदलीचा दोष म्हणू.

सहा अंक ऐकून घाबरू नये. २०१२ च्या मालिकेत डाळींचा भार २.३८ होता. देशातल्या सगळ्या घरांनी याच प्रमाणात डाळ बदलली असं धरलं, तरी एकूण निर्देशांकात फरक पडेल ०.१४ चा. महागाई ५ टक्के असताना हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. आणि टोपलीत तेलं, भाज्या, कपडे, प्रवास अशा बदली होऊ शकणाऱ्या वस्तू बऱ्याच आहेत. घरभाडं, शाळेची फी, डॉक्टरने लिहून दिलेलं औषध इथे मात्र बदलीला फारशी जागा नसते, म्हणून दोषही जवळपास नसतो.

हा दोष दरवर्षी आपोआप साचत जातो असं नाही, आणि हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. तूर पुन्हा १०० वर आणि हरभरा ८० वर आला, तर गोठवलेल्या टोपलीचा निर्देशांकही बरोबर १०० वर परत येतो. २०१५ मध्ये तूर डाळ किरकोळ बाजारात २०० रुपयांच्या आसपास गेली आणि पुढे उतरली. अशा चढउतारातला दोष तात्पुरता असतो. साचतो तो एखादी वस्तू वर्षानुवर्षं दुसरीपेक्षा महागच होत जाते तेव्हा, कारण लोक कायमचे दुसरीकडे वळतात आणि टोपली मात्र त्यांना जुन्या ठिकाणीच उभं ठेवते.

दोषाचा आणखी एक धाकटा भाऊ आहे, तो एकाच वस्तूच्या आत लपतो. समजा नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका दुकानात एखाद्या मालाचा भाव ५० वरून १०० झाला आणि दुसऱ्यात १०० वरून ५०. पहिल्यात भाव दुप्पट, दुसऱ्यात निम्मा. साधी सरासरी काढली तर २ आणि ०.५ यांची सरासरी १.२५, म्हणजे २५ टक्के महागाई! प्रत्यक्षात दोन दुकानांनी फक्त भावांची अदलाबदल केली. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं, म्हणजे भूमितीय सरासरी काढली, तर उत्तर १ येतं. ही सरासरी गिऱ्हाईक महाग दुकानातून स्वस्त दुकानाकडे थोडं सरकतं असं मनात धरते. भारताच्या २०१२ च्या मालिकेत वस्तूच्या आतल्या भावांसाठी हीच पद्धत आणली गेली. अमेरिकेने ती बऱ्याच वस्तूंसाठी जानेवारी १९९९ पासून वापरली. पण तूर सोडून हरभऱ्याकडे वळणं हे दोन वस्तूंमधलं आहे. तिथे ही सरासरी पोचत नाही, वरच्या पायरीवर अजूनही गोठवलेले भारच चालतात.

अमेरिकेत या दोषांचा हिशेब १९९६ मध्ये बॉस्किन आयोगाने मांडला. त्यांच्या अंदाजाने अमेरिकी निर्देशांक वर्षाला १.१ टक्क्याने फुगलेला होता. त्यात वस्तू-वस्तूंमधल्या बदलीचा वाटा ०.१५ आणि वस्तूच्या आतल्या बदलीचा ०.२५. उरलेला बहुतेक भाग नव्या वस्तू आणि सुधारलेल्या प्रतीचा. म्हणजे बदलीचा दोष खरा आहे, पण सगळ्या फुगवट्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत नाही.

मग भार रोजच्या रोज बदलत का नाहीत? एक कारण पैसा: घरोघरची पाहणी महाग आणि वेळखाऊ असते. दुसरं कारण गणिताचं. समजा घराचा अर्धा खर्च तुरीवर, अर्धा हरभऱ्यावर आहे. पहिल्या महिन्यात तूर दुप्पट झाली: निर्देशांक १५०. आता नवे भार घेतले आणि वाटणी पुन्हा अर्धी-अर्धी निघाली. पुढच्या महिन्यात तूर मूळ भावावर आली, म्हणजे निम्मी: त्या महिन्याचा निर्देशांक ७५. दोन्ही महिने साखळीने जोडले तर १५० गुणिले ०.७५, म्हणजे ११२.५. सगळे भाव जागेवर आले आणि निर्देशांक साडेबारा टक्के महागाई दाखवतोय! गोठवलेल्या टोपलीत हे घडत नाही. म्हणून भार दर महिन्याला नव्हे, काही वर्षांच्या अंतराने बदलणं शहाणपणाचं.

भारतात अडचण उलट्या टोकाची झाली. २०१७-१८ ची पाहणी झाली, पण तिच्या आकडेवारीच्या दर्जावर शंका घेऊन केंद्र सरकारने ती प्रसिद्ध केली नाही. पुढची पाहणी २०२२-२३ ची. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षं दर महिन्याच्या महागाईच्या आकड्यामागे २०११-१२ ची टोपली होती. त्या पाहणीत ग्रामीण घराच्या खर्चात धान्याचा वाटा १०.७५ टक्के होता, २०२२-२३ मध्ये तो ४.९१ वर आला. मात्र ही सगळी घसरण बदलीच्या दोषात धरू नये. कमाई वाढली की खाण्यावरचा वाटा आपोआप घटतो, आणि रेशनवरचं मोफत धान्य हा भाव बघून केलेला बदल नव्हे. जुनी टोपली आणि बदलीचा दोष ही दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकत्र आली की पहिलं दुसऱ्याच्या नावावर खपतं.

नागपूरला याचा आणखी एक धागा आहे. औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक श्रम ब्युरो काढतो. त्याच्या ८८ केंद्रांपैकी नागपूर हे एक. त्याचं आधारवर्ष २०१६ आहे, आणि देशभरातल्या केंद्रांचा मिळून जो आकडा येतो त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ठरतो. भत्त्याची टक्केवारी काढताना अपूर्णांक सोडून देतात. त्यामुळे ०.१४ सारखा लहान दोष कधी काहीच फरक पाडत नाही, आणि आकडा नेमका पूर्णांकाच्या उंबरठ्यावर असेल तेव्हा भत्ता अख्ख्या एका टक्क्याने वाढवतो.

आणि कधी दोष उलटाही पडतो. एप्रिल उजाडला की नागपुरात कूलर आणि वाळ्याच्या ताट्या महागतात, आणि त्याच दिवसांत लोक त्या जास्तच घेतात, कारण ऊन पर्याय ठेवत नाही. इथे भाव आणि खप दोन्ही एकत्र चढतात. अशा वस्तूंपुरता पाशेचा आकडा लास्पेयर्सच्या वर जातो आणि गोठवलेली टोपली महागाई कमी दाखवते.