मागणीची किंमत लवचिकता : मध्यबिंदू पद्धतीच्या गणिताची पडताळणी

किंमत बदलली असता मागणी किती प्रमाणात बदलते, हे दाखवणाऱ्या गुणोत्तरास मागणीची किंमत लवचिकता म्हणतात. मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागले की ते मिळते. शेकडा बदल कोणत्या पायावर काढायचा, हा यातील खरा प्रश्न आहे. जुनी आणि नवी किंमत यांची सरासरी हा किमतीचा पाया, आणि जुनी व नवी मागणी यांची सरासरी हा मागणीचा पाया धरणाऱ्या रीतीला मध्यबिंदू पद्धत म्हणतात. कोणत्या किमतीला किती मागणी असते हे दाखवणाऱ्या मागणीवक्राच्या एका तुकड्यावर मोजल्या जाणाऱ्या अशा लवचिकतेला कंस लवचिकता हेही नाव आहे.

कल्पनेचा उगम साधारणपणे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० मधील ग्रंथाशी जोडला जातो. किंमत वाढवल्यास एकूण प्राप्ती वाढेल की घटेल, हा प्रश्न त्याआधी, १८३८ मध्ये, फ्रेंच गणिती ओगुस्तँ कूर्नो यांनी मांडला होता. त्यामुळे काही अभ्यासक मूळ श्रेय कूर्नो यांना देतात. मोजमापाला स्वतंत्र नाव आणि नियमित रूप मात्र मार्शल यांनी दिले, आणि हे मत अधिक ग्राह्य दिसते. मार्शल यांची लवचिकता वक्राच्या एका बिंदूवरची होती. दोन प्रत्यक्ष किमतींमधील अंतरासाठी ‘कंस लवचिकता’ ही संज्ञा ह्यू डाल्टन यांनी १९२० मध्ये वापरल्याचे मानले जाते. पुढे १९३३–३४ मध्ये ॲबा लर्नर आणि आर. जी. डी. ॲलन यांच्या लेखांतून या संज्ञेच्या अचूक सूत्राची चर्चा झाली. आज शिकवले जाणारे सरासरीच्या पायाचे सूत्र बहुधा ॲलन यांच्या नावे सांगितले जाते. त्यांनी सूत्राकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवली : किमतींचा क्रम उलटला तरी उत्तर तेच यावे, किलो, क्विंटल, रुपये, पैसे अशा एककांवर ते अवलंबून नसावे, आणि दोन्ही किमतींना ग्राहकांचा एकूण खर्च सारखाच असेल तर चिन्ह सोडून उत्तर बरोबर एक यावे. पडताळणीच्या दृष्टीने तिसरी अट सर्वांत मोलाची आहे.

```
E = [(Q2 - Q1) / ((Q1 + Q2)/2)] ÷ [(P2 - P1) / ((P1 + P2)/2)]
```

येथे E ही लवचिकता, P1 व P2 या जुनी व नवी किंमत, आणि Q1 व Q2 या जुनी व नवी मागणी. उदाहरणासाठी जालन्यातील मोसंबीचा किरकोळ बाजार घेता येईल. आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. भाव किलोला ४० रुपये असताना एका गाड्यावर दिवसाला १२० किलो मोसंबी विकली जाते. भाव ५० रुपये झाल्यावर ९० किलो विकली जाते. मागणीतील फरक उणे ३० आणि सरासरी मागणी १०५, म्हणून मागणीतील बदल उणे २८.५७ टक्के. किमतीतील फरक १० आणि सरासरी किंमत ४५, म्हणून किमतीतील बदल २२.२२ टक्के. भागाकार उणे १.२९ येतो, अपूर्णांकात नेमके सांगायचे तर उणे नऊ सप्तमांश. मधल्या टप्प्यावर २९ आणि २२ असे पूर्णांक धरले तर १.३२ येते. म्हणून दशांश स्थळे शेवटच्या उत्तरातच कमी करावीत.

हेच गणित जुन्या किमतीचा पाया धरून केले तर किंमत २५ टक्के वाढली आणि मागणी २५ टक्के घटली, म्हणजे लवचिकता उणे १. मागणी एकक लवचिक आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. पण गल्ला तपासला तर आधी ४८०० रुपये जमत होते, भाव वाढल्यावर ४५०० जमतात. एकक लवचिकतेत एकूण खर्च बदलायला नको होता. दिशा उलटून भाव ५० वरून ४० वर आणला तर त्याच रीतीने उत्तर उणे १.६७ येते. एकाच गाड्याच्या त्याच दोन दिवसांसाठी दोन वेगळी उत्तरे मिळतात. मध्यबिंदू पद्धतीत दोन्ही दिशांनी १.२९ येते आणि ते गल्ल्याशी जुळते : भाव वाढला, गल्ला घटला, म्हणून मागणी जास्त लवचिक, म्हणजे चिन्ह सोडून लवचिकता एकाहून अधिक.

जुन्या पायाचे उत्तर निरर्थक आहे असे मात्र नाही. या दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढली तर भाव एक रुपयाने वाढताच मागणी तीन किलोने घटते. त्या रेषेवर ४० रुपयांच्या बिंदूवरची लवचिकता बरोबर १ आहे, ५० रुपयांच्या बिंदूवरची १.६७ आहे आणि मधल्या ४५ रुपयांच्या बिंदूवरची १.२९. म्हणजे तिन्ही उत्तरे तीन वेगळ्या ठिकाणांची आहेत. चूक होते ती एका टोकाचे उत्तर संपूर्ण टप्प्याचे म्हणून वापरण्यात. त्याच सरळ रेषेवर खाली, भाव २० वरून ३० झाला तर मागणी १८० वरून १५० किलोवर येते आणि लवचिकता जेमतेम ०.४५ भरते. म्हणून ‘मोसंबीची लवचिकता १.२९’ हे विधान अपुरे आहे. ‘४० ते ५० रुपयांच्या टप्प्यात’ हे शब्द त्यासोबत हवेतच.

एकूण खर्चाची कसोटी मध्यबिंदू सूत्राला तंतोतंत लागू पडते, अंदाजाने नव्हे. सूत्राचे मूल्य उणे १ धरून गुणाकार सोडवला की जुनी किंमत गुणिले जुनी मागणी आणि नवी किंमत गुणिले नवी मागणी समान असल्याचेच समीकरण उरते. ४० रुपयांना १२० किलो आणि ६० रुपयांना ८० किलो या जोडीत दोन्ही वेळा ४८०० रुपये जमतात. सरासरीच्या पायावर दोन्ही बदल ४० टक्के येतात आणि उत्तर नेमके १. जुन्या पायावर याच जोडीचे उत्तर ०.६७, तर उलट दिशेने १.५ येते, एक कमी लवचिक म्हणते, दुसरे जास्त लवचिक. म्हणून तपासणाऱ्याने आधी दोन्ही गुणाकार करून पाहावेत. किंमत वाढून खर्च घटला असेल आणि समोरचे उत्तर एकाहून कमी असेल, तर पुढचे काही न वाचता ते गणित चुकले आहे असे म्हणता येते.

चुकीचे उत्तर बहुधा चूक कुठे झाली तेही सांगते. वरच्या उदाहरणात ०.७८ आले तर अंश आणि छेद उलटे झाले आहेत. १.०० किंवा १.६७ आले तर सरासरीऐवजी एका टोकाचा पाया घेतला आहे. दोन्हीकडे सरासरीऐवजी नुसती बेरीज घेतली तर दोनचा भाग कटून जातो आणि उत्तर बरोबरच राहते. पण बेरीज फक्त मागणीकडे घेतली तर ०.६४ आणि फक्त किमतीकडे घेतली तर २.५७ येते. उत्तर ३ आले तर शेकडेवारी काढलीच नाही, नुसता रेषेचा उतार काढला आहे. हा उतार एककावर अवलंबून असतो. किलोचे क्विंटल केले की तो ०.०३ होतो, लवचिकता मात्र १.२९ च राहते. संगणकावरील तक्त्यात कंस हरवल्यामुळे होणारी चूकही नेहमीची आहे. जुनी व नवी किंमत A2 व B2 मध्ये आणि जुनी व नवी मागणी C2 व D2 मध्ये असल्यास सूत्र असे लिहावे :

```
=((D2-C2)/((C2+D2)/2))/((B2-A2)/((A2+B2)/2))
```

मागणीच्या भागात बेरीज भागिले दोन याभोवतीचा कंस लिहायचा राहिला तर बेरजेला दोनने भागले जाण्याऐवजी सगळा भागाकारच पुन्हा दोनने भागला जातो आणि उत्तर चौपट लहान, ०.३२ येते.

चिन्हाबाबत दोन प्रघात आहेत. मागणीच्या नियमामुळे गुणोत्तर ऋण येते. मार्शल यांच्या परंपरेतील ग्रंथ सूत्राआधीच उणे चिन्ह लावून ते धन करून घेतात. इतर ग्रंथ ऋण चिन्ह राखून वर्गीकरणापुरते निरपेक्ष मूल्य पाहतात. दुसरा प्रघात अधिक सोयीचा आहे, कारण चिन्ह राखले तर चूक दिसते. मागणीतून ‘नवी वजा जुनी’ आणि किमतीतून ‘जुनी वजा नवी’ असे केले तर उत्तर अधिक १.२९ येते, सुरुवातीपासूनच चिन्ह पुसणाऱ्याला हा घोळ कळतच नाही. दोन्हीकडे क्रम सारखाच उलटला तर बिघडत नाही. ऋण संख्यांची तुलना करताना मात्र सावध राहावे : संख्या म्हणून उणे १.२९ ही उणे ०.४५ पेक्षा लहान आहे, पण लवचिकता तिचीच जास्त.

वजाबाकीचा क्रम तपासूनही उत्तर धन येत असेल तर भाव वाढला की जिची मागणीही वाढते अशी गिफेन वस्तू सापडली असे एकदम मानू नये. रमजानच्या महिन्यात फळांना मागणी वाढली आणि भाव व खप दोन्ही चढले, तर मागणीवक्रच सरकला आहे. त्या दोन बिंदूंतून काढलेली संख्या लवचिकता नव्हेच. सूत्र ती निमूटपणे देते. बाकीची परिस्थिती स्थिर होती का, हे गणिताबाहेर जाऊन पाहावे लागते.

अर्थ लावताना १.२९ ही टक्केवारी म्हणून वाचू नये. या टप्प्यात सरासरीच्या पायावर किंमत एक टक्का वाढल्यास मागणी सुमारे १.२९ टक्के घटते, इतकाच तिचा अर्थ. बदल फार मोठा असेल तर पद्धत बोथट होते, कारण सरासरीच्या पायावर कोणताही बदल २०० टक्क्यांपलीकडे जात नाही. खप शून्यावर आला की अंश नेहमी उणे २०० टक्केच येतो, मग आधी १० किलो विकले जात असोत की १००० किलो. अशा ठिकाणी उत्तर लिहिण्यात अर्थ नाही. मध्यम बदलांसाठी नव्या व जुन्या मागणीच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमला नव्या व जुन्या किमतीच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमने भागूनही ताळा करता येतो. आपल्या उदाहरणात त्याचेही उत्तर उणे १.२९ च येते.

भाव कोणत्या पातळीवरचा, यावरही निष्कर्ष फिरतो, आणि शेतमालाबाबत हे विसरले की अर्थ उलटा लागतो. वरच्या गाड्यावरील मोसंबीत वाहतूक, आडत, नासाडी आणि विक्रेत्याचा हिस्सा मिळून किलोमागे १५ रुपये स्थिर धरू. मग किरकोळ भाव ४० वरून ५० होतो तेव्हा बागायतदाराचा भाव २५ वरून ३५ होतो. मागणीतील बदल तोच, उणे २८.५७ टक्के, पण किमतीतील बदल आता १० भागिले ३०, म्हणजे ३३.३३ टक्के. लवचिकता उणे ०.८६ येते. गिऱ्हाइकांचा एकूण खर्च ४८०० वरून ४५०० वर उतरतो, तर त्याच मालापोटी बागायतदाराला ३००० ऐवजी ३१५० रुपये मिळतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. किरकोळ भावावरून काढलेली लवचिकता बागायतदाराच्या उत्पन्नाला लावणे हीच चूक, आणि ती सूत्राच्या कोणत्याही ओळीत दिसत नाही.