अल्लज़ी (अरबी संबंधी सर्वनाम)

अल्लज़ी हे प्रमाण अरबीतील संबंधी सर्वनाम आहे. मराठीतील ‘जो’ हा त्याचा सर्वांत जवळचा अर्थ. अरबी व्याकरणकार त्याला ‘इस्म मौसूल’, म्हणजे जोडले गेलेले नाम, म्हणतात. त्याच्या मागून येणारे वाक्य म्हणजे ‘सिला’, आणि त्या वाक्यात मूळ नामाकडे परत बोट दाखवणारे सर्वनाम म्हणजे ‘आइद’, परतणारे. या शब्दातला ‘ज़’ भारतीय मदरशांत साधा ‘झ’सारखा वाचला जातो. अरबीत तो जिभेचे टोक दातांमध्ये धरून उच्चारतात.

मराठी माणसाला अल्लज़ी सोपे वाटते आणि तिथेच तो फसतो. मराठीत ‘जो’ दुहेरी काम करतो. तो नामाशी लिंग-वचनाने जुळतो आणि आपल्या उपवाक्यातले नामाचे कामही स्वतःच सांगतो: ज्याने, ज्याला, ज्याच्याबरोबर, ज्यात. अरबीने ही दोन कामे दोघांत वाटून दिली आहेत. अल्लज़ी फक्त मागच्या नामाशी जुळते आणि उपवाक्यातली भूमिका आइद सांगतो. ‘ज्या लेखणीने मी लिहिले ती लेखणी’ हे अरबीत ‘अल्-क़लमु-ल्लज़ी कतब्तु बिही’ असे होते. शब्दशः पाहिले तर: ती लेखणी, जी, मी लिहिले तिने. ‘ने’ हा अर्थ सांगणारे ‘बि’ हे अव्यय अल्लज़ीला चिकटत नाही. ते वाक्याच्या शेवटी, परतणाऱ्या ‘ही’ला चिकटते.

रूपे

एकवचनात पुल्लिंगी अल्लज़ी आणि स्त्रीलिंगी अल्लती. अनेकवचनात पुरुषांसाठी, किंवा स्त्री-पुरुषांच्या मिश्र समूहासाठी, अल्लज़ीन. स्त्रियांसाठी अल्लाती, अल्लवाती किंवा अल्लाई, आणि ही तिन्ही बरोबर आहेत. अल्लती आणि अल्लाती यांत फरक फक्त एका दीर्घ स्वराचा आहे, पण पहिले एकीसाठी आणि दुसरे अनेकींसाठी. अरबीत द्विवचन जिवंत आहे, त्यामुळे दोघांसाठी अल्लज़ानि आणि दोघींसाठी अल्लतानि अशी आणखी रूपे आहेत.

मानवेतर गोष्टींचे अनेकवचन अरबी एकवचनी स्त्रीलिंगी धरते. म्हणून ‘अल्-किताबु-ल्लज़ी कतब्तुहु’ (मी लिहिलेले पुस्तक) याचे अनेकवचन ‘अल्-कुतुबु-ल्लती कतब्तुहा’ होते. इथे संबंधी सर्वनाम बदलले तसा आइदही ‘हु’चा ‘हा’ झाला. दोघे नेहमी बरोबरच बदलतात. अल्लती लिहून पुढे ‘हु’ ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. त्यांनी अर्धेच वाक्य बदललेले असते.

विभक्तीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे: अल्लज़ीची विभक्ती मागच्या नामाकडून येते, सिलेतून नाही. बहुतेक रूपे विभक्तीने बदलतच नाहीत, म्हणून हा नियम डोळ्यांना दिसतो तो फक्त द्विवचनात. तिथे कर्त्यासाठी अल्लज़ानि, आणि कर्मासाठी किंवा अव्ययानंतर अल्लज़ैनि. अल्लज़ीन मात्र प्रमाण भाषेत तिन्ही विभक्त्यांत तसेच राहते. जुन्या व्याकरणकारांनी काही टोळ्यांच्या बोलीत कर्त्यासाठी ‘अल्लज़ून’ म्हटले जात असल्याची नोंद केली आहे, पण ते रूप प्रमाण झाले नाही.

लेखनातही एक सोय आहे. अल्लज़ी, अल्लती आणि अल्लज़ीन ही रूपे एका लामने, म्हणजे ‘ल’च्या अक्षराने, लिहितात, तर द्विवचनाची आणि स्त्रीलिंगी अनेकवचनाची रूपे दोन लामांनी. स्वरचिन्हे नसलेल्या मजकुरात अल्लज़ैनि (दोघांना) आणि अल्लज़ीन (अनेक) यांची बाकी अक्षरे एकसारखीच असतात. तेव्हा लाम मोजूनच ते ओळखावे लागते.

एक वाक्य, चार वेळा

‘ज्या दोन शिक्षकांबरोबर मी प्रवास केला ते पोहोचले.’ आधी नाम घ्यावे: दोन शिक्षक, निश्चित, आणि मुख्य वाक्याचे कर्ते, म्हणून ‘अल्-मुदर्रिसानि’. संबंधी सर्वनाम त्याच विभक्तीत, म्हणून ‘अल्लज़ानि’. मग सिला, स्वतःच्या पायावर उभे राहणारे पूर्ण वाक्य: ‘मी त्या दोघांबरोबर प्रवास केला’, म्हणजे ‘साफ़र्तु मअहुमा’. शेवटी मुख्य क्रियापद ‘वसला’. सगळे मिळून: अल्-मुदर्रिसानि-ल्लज़ानि साफ़र्तु मअहुमा वसला.

आता ‘त्या दोन शिक्षकांना मी भेटायला गेलो’ म्हणायचे असेल तर शिक्षक कर्म झाले: ‘ज़ुर्तुल्-मुदर्रिसैनि-ल्लज़ैनि साफ़र्तु मअहुमा’. नाम आणि संबंधी सर्वनाम दोन्ही ‘ऐनि’ झाले, पण ‘मअहुमा’ला धक्काही लागला नाही. सिलेच्या आत काही बदललेलेच नाही. अनेक शिक्षिका असतील तर ‘अल्-मुदर्रिसातु-ल्लवाती साफ़र्तु मअहुन्न’, आणि अनेक शिक्षक असतील तर ‘अल्-मुदर्रिसून-ल्लज़ीन साफ़र्तु मअहुम’.

मराठी विद्यार्थी या ठिकाणी ‘ज्यांच्याबरोबर’ एका शब्दात बसवायला जातो आणि ‘मअ-ल्लज़ीन साफ़र्तु’ लिहितो. ती शब्दजोडणी अरबीत आहे, पण तिचा अर्थ ‘जे … त्यांच्याबरोबर’ असा मुख्य वाक्यातल्या ‘बरोबर’चा होतो. चूक ओळखण्याचा सरळ उपाय असा: संबंधी सर्वनाम झाकून त्याच्या पुढचा भाग एकटा वाचावा. ‘मी त्यांच्याबरोबर प्रवास केला’ असे पूर्ण विधान मिळाले तर ठीक. ‘मी प्रवास केला’ एवढेच उरले आणि शिक्षकांचा पत्ताच नसेल, तर आइद राहून गेला आहे. सिला प्रश्न किंवा आज्ञा असू शकत नाही. ते विधानच लागते.

आइद कधी दिसतो, कधी नाही

नाम सिलेत कर्ता असेल तर आइद क्रियापदाच्या पोटातच असतो. ‘अल्-वलदु-ल्लज़ी जाअ’ (आलेला मुलगा) यात वेगळे सर्वनाम नाही, कारण ‘जाअ’ म्हणजेच ‘तो आला’. नाम सिलेत कर्म असेल तर आइद लिहिता येतो आणि वगळताही येतो. क़ुरआनच्या २५व्या सूरेतील ४१व्या आयतीत ‘ज्याला अल्लाहने प्रेषित म्हणून पाठवले तो हाच का?’ या अर्थाच्या वाक्यात ‘बअस’ (पाठवले) याला ‘हु’ जोडलेला नाही. ४३व्या सूरेच्या ७१व्या आयतीतल्या ‘मनाला हवे ते’ या शब्दांत तर मान्य पाठपरंपरांमध्येच दोन वाचने आहेत, एक ‘ही’सह आणि एक त्याशिवाय. दोन्ही व्याकरणशुद्ध आहेत. आजच्या गद्यात मात्र ‘हु’ लिहिण्याकडेच कल आहे, आणि शिकणाऱ्याने तेच करावे. वगळण्याची मोकळीक घेऊन वाक्य संदिग्ध करण्यात काही मिळत नाही.

संबंध दाखवणारा आइद वगळता येत नाही: ‘अर्-रजुलु-ल्लज़ी अबूहु तबीब’, ज्याचे वडील वैद्य आहेत तो माणूस. अव्ययाला जोडलेला आइदही सहसा वगळत नाहीत. फ़ातिहा रोज नमाज़मध्ये म्हणणाऱ्या लाखो मराठी भाषकांच्या तोंडी हे उदाहरण आहेच: ‘सिरातल्लज़ीन अन्अम्त अलैहिम’, ‘ज्यांच्यावर तू कृपा केलीस त्यांचा मार्ग’. ‘ज्यांच्यावर’मधला ‘वर’ अल्लज़ीनमध्ये नाही. तो शेवटच्या ‘अलैहिम’मध्ये, ‘त्यांच्यावर’ या शब्दात आहे. हे एकदा दिसले की ओळीची बांधणी कायमची उलगडते.

निश्चित आणि अनिश्चित

अल्लज़ीसाठी मागचे नाम निश्चित असावे लागते. ते अनिश्चित असेल तर संबंधी सर्वनाम येतच नाही, पण आइद मात्र येतो. ‘मी लिहिलेले एक पुस्तक’ म्हणजे ‘किताबुन कतब्तुहु’. ‘किताबुन-ल्लज़ी’ हे चूक. मराठीत ‘एक माणूस जो’ आणि ‘तो माणूस जो’ दोन्ही चालतात, त्यामुळे ही चूक आपल्याकडून हटकून होते.

उलट्या बाजूने गफलत केली तर अर्थ बदलतो. ‘रऐतु रजुलन यब्की’ म्हणजे ‘रडणारा एक माणूस मला दिसला’. ‘रऐतुर्-रजुल-ल्लज़ी यब्की’ म्हणजे ‘जो रडतो आहे तो माणूस मला दिसला’. आणि अल्लज़ी गाळून ‘रऐतुर्-रजुल यब्की’ म्हटले तर ‘तो माणूस मला रडताना दिसला’. शेवटच्या वाक्यात रडणे ही माणसाची ओळख राहत नाही, ती त्या क्षणाची स्थिती होते. मदरशांत यासाठी एक सूत्र पाठ करून घेतात: अनिश्चित नामांनंतरची वाक्ये विशेषणे, निश्चित नामांनंतरची स्थिती.

जुळणीचा खरा उपयोग षष्ठीच्या जोडीत कळतो. ‘किताबुल्-मुअल्लिमति-ल्लज़ी वसल’ म्हणजे बाईंचे पुस्तक, आणि आले ते पुस्तक. ‘किताबुल्-मुअल्लिमति-ल्लती वसलत’ म्हणजे आल्या त्या बाई, पुस्तक त्यांचे. पण शिक्षक पुरुष असेल तर ‘किताबुल्-मुअल्लिमि-ल्लज़ी वसल’ दोन्ही अर्थांनी वाचता येते. तिथे व्याकरण हात टेकते आणि लेखकालाच वाक्य बदलावे लागते.

मन् आणि मा

मागे नाम नसेल तर माणसांसाठी ‘मन्’ (जो कोणी) आणि वस्तूंसाठी ‘मा’ (जे काही) येते. ही रूपे बदलत नाहीत, म्हणून त्यांचा आइद शब्दरूपाला धरून एकवचनी ठेवता येतो किंवा अर्थाला धरून अनेकवचनी. क़ुरआनात दोन्ही सापडतात. ६व्या सूरेतील २५व्या आयतीत ‘त्यांच्यात तुझे ऐकणारे आहेत’ हे ‘मन् यस्तमिउ’ असे एकवचनात आहे, आणि १०व्या सूरेतील ४२व्या आयतीत तोच आशय ‘मन् यस्तमिऊन’ असा अनेकवचनात.

बोलीभाषांत

कैरोपासून आखातापर्यंतच्या बोलण्यात ही सारी रूपे बाजूला पडून एकच ‘इल्ली’ उरले आहे. एक, दोन, अनेक, पुरुष, स्त्री, सगळ्यांना तेच. रत्नागिरी-रायगडहून आखातात कामाला गेलेल्या माणसांच्या कानांना हाच शब्द ओळखीचा असतो, अल्लज़ानि नव्हे. जुळणी गेली, पण आइद टिकला. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बोलीत ‘मी पाहिलेला माणूस’ म्हणजे ‘इर्-रागिल इल्ली शुफ़्तु’, आणि त्या ‘शुफ़्तु’च्या शेवटच्या ‘उ’मध्येच ‘त्याला’ दडलेले असते. तो ‘उ’ काढून ‘शुफ़्त’ म्हटले तर मिसरी माणसाला वाक्य अर्धवट वाटते.