पित्ताची गोळी कुटू नये, ती का?

मराठवाड्यात घराघरांत म्हाताऱ्या माणसांची गोळी वरवंट्याखाली फोडून किंवा चमच्यात चुरून पाण्यातून देतात. साध्या गोळीला बहुधा ते चालते. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅमसारख्या पित्ताच्या गोळीला मात्र चालत नाही.

कारण तिच्यावरचा थर. १८८४ मध्ये हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी केराटिनचा लेप दिलेल्या गोळ्या मांडल्या. केराटिन म्हणजे केस-नखांमधले प्रथिन. औषध जठर ओलांडून आतड्यात सुटावे, हा हेतू. पुढे लाखेपासून केलेले शेलॅकही वापरले गेले, पण ते जुने झाले की टणक होते आणि मग आतड्यातही वेळेवर विरघळत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून खास बनवलेले थर आले. ते जठरातल्या आम्लात टिकतात आणि पुढे लहान आतड्यात, आम्लता कमी झाली की, विरघळतात.

पँटोप्राझोल स्वतःच आम्लात नासते. समजा, ४० ची गोळी २० साठी मोडली. मोडल्या कडेने आम्ल आत शिरते आणि रक्तात पोचायच्या आधीच औषध वाया जाते. मग ‘गोळीने काही फरक पडेना’ म्हणून दुसरी घेतली जाते. २० हवे असेल तर २० चीच गोळी मागावी. गोळी अख्खी, साध्या पाण्याबरोबर, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी गिळावी. पहाटेच्या चहा-बटरनंतर घेतली तर वेळ चुकलीच, कारण आम्ल तयार करणारे पंप खाल्ल्यावर जोरात चालू होतात आणि औषध त्याआधी रक्तात पोचलेले बरे. पातळ अँटासिड सोबत घेतले, तरी पँटोप्राझोलच्या शोषणावर फरक पडत नाही.

थराच्या अ‍ॅस्पिरिनला एक अपवाद आहे. छातीत दुखत असताना डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चावायला सांगितले आणि हाताशी थराचीच गोळी असली, तर तीही चावायची. अख्खी गिळली तर असर व्हायला बराच उशीर लागतो.

चघळायच्या गोळीचे गणित उलटे. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी, तीही बारीक चुरून पाण्यात कालवून. अख्खी गोळी लहान पोराच्या घशात अडकू शकते.

तोंडात विरघळणारी गोळी, उदाहरणार्थ उलटीवरची ऑनडॅनसेट्रॉन, पाण्याशिवाय घेता येते. कोरड्या हाताने पाकिटाची मागची फॉइल सोलून काढावी. मागून दाबल्यास नाजूक गोळी तुटते, ओल्या बोटांना चिकटते. जिभेवर ठेवली की काही सेकंदांत विरते, मग लाळेबरोबर गिळायची. जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी असते. तोंडात विरघळणारी ही गोळी मात्र बहुतेक वेळा गिळल्यावर आतड्यातूनच शोषली जाते, म्हणून ती साध्या गोळीपेक्षा झटपट काम करेल अशी अपेक्षा नको. उलटी होणाऱ्याला पाण्याचा घोट लागत नाही, हाच तिचा खरा फायदा.